टोमॅटोचा करपा: डागातली बुरशी वेगळी काढून तिनेच रोग होतो हे कसं दाखवायचं

प्रश्न: टोमॅटोच्या पानावरचे गोल तपकिरी डाग कापून पीडीएवर ठेवले. चार दिवसांत काळपट बुरशी आली, सगळ्या प्लेटमध्ये सारखीच. ती पाण्यात कालवून नर्सरीतून आणलेल्या रोपांवर फवारली. आठ दिवस झाले, एकही डाग नाही. सर म्हणतात रोग परत आणून दाखवल्याशिवाय प्रोजेक्ट धरणार नाही. माझं नेमकं कुठे चुकलं?

उत्तर:

बुरशी पुन्हा फवारण्याआधी एक काम करा. त्या काळ्या बुरशीचा कणभर भाग लॅक्टोफिनॉलच्या, नाहीतर साध्या पाण्याच्या थेंबात स्लाइडवर घ्या आणि 40च्या लेन्सखाली पाहा. बीजाणू लहान असतील, एकाला एक लागून माळेसारखे असतील आणि टोकाची चोच आखूड असेल, तर तुमच्या हाती अल्टरनेरिया अल्टरनाटा आहे. तुम्हाला हवी होती अल्टरनेरिया सोलानी. तिचा बीजाणू एकेकटा असतो, माळ नसते. आकार गदेसारखा, आडवे पडदे आठ-दहा आणि पुढे लांबलचक दोऱ्यासारखी चोच, कित्येकदा अंगापेक्षाही लांब. चोचीसकट लांबी साधारण 150 ते 300 मायक्रॉन भरते. अल्टरनाटाचा बीजाणू 20 ते 60 मायक्रॉनचा. एकदा दोन्ही शेजारी पाहिले की पुन्हा मोजावं लागत नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला नव्वद टक्के अल्टरनाटाच वाटते, कारण चार दिवसांत सगळ्या प्लेटमध्ये सारखी काळी वाढ आणि फवारल्यावर शून्य, ही तिची नेहमीची खूण. ती मेलेल्या पानावर जगणारी बुरशी आहे. करप्याने डागाचा मधला भाग मारला की ती तिथे येऊन बसते, आणि अगारवर सोलानीपेक्षा सहज वाढते, भराभर बीजाणू देते. एम.एस्सी.ला असताना मी स्वतः तीन आठवडे ह्याच बुरशीला सोलानी समजून सांभाळत होतो. गाइडनी एक स्लाइड पाहिली आणि एवढंच विचारलं, "हे माळेत का आहेत रे?" पुढचं काही बोलायची गरज उरली नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. अल्टरनाटा नेहमीच निरुपद्रवी असते असंही नाही. तिचा एक प्रकार काही टोमॅटो वाणांच्या खोडावर कॅन्कर करतो, आणि पानावर डाग पाडल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून तिची प्लेट फेकू नका. ती चाचणीत तुलनेसाठी लागणार आहे.

आता मुळापासून सुरू करू.

पहिली निवड पानाची. खालच्या बाजूची, जुनी पण अजून हिरवी असलेली पानं घ्या. पूर्ण वाळलेलं, कुरकुरीत पान कितीही "चांगला डाग" दाखवत असलं तरी सोडून द्या. डाग लहान घ्या, चार-सहा मिलिमीटरचा, भोवती पिवळी कड असलेला, ज्यात एकात एक वलयं नुकती दिसायला लागली आहेत. मोठ्या, फाटलेल्या डागात मूळ बुरशी कडेला असते आणि मधे पाहुणेच पाहुणे. पानं कागदी पिशवीत आणा, प्लॅस्टिकमध्ये नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि वाटेतच जिवाणू आणि ऱ्हायझोपस माजतात. त्याच दिवशी काम करा, नाहीतर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा.

डाग बुरशीचाच आहे ना, हेही आधी बघून घ्या. जिवाणूच्या डागाची कड ओलसर, तेलकट दिसते आणि त्यात वलयं नसतात. शंका असेल तर डागाच्या कडेचा तुकडा पाण्याच्या थेंबात कापा आणि लगेच लेन्सखाली बघा. कापलेल्या जागेतून धुरासारखा पांढुरका लोट निघत असेल तर ते जिवाणू आहेत, तिथे पीडीएवर बुरशी शोधत बसू नका.

माध्यमाबद्दल थोडक्यात. 200 ग्रॅम बटाटा, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 15 ते 20 ग्रॅम अगार, एक लिटर पाणी. 121 अंशांवर, 15 पौंड दाबाखाली 15 ते 20 मिनिटं. जिवाणू रोखायला स्ट्रेप्टोमायसिन घाला, लिटरला 50 ते 100 मिलिग्रॅम, पण माध्यम 45 ते 50 अंशांपर्यंत उतरल्यावर. ओळखायची सोपी खूण म्हणजे फ्लास्क हाताच्या पंजात धरवतो, चटका बसत नाही. लॅक्टिक आम्ल वापरणार असाल तर तेही ऑटोक्लेव्हनंतरच. आधी घातलं तर अगार फुटतो, मग प्लेट लगद्यासारखी राहते आणि तुम्ही अगार विकणाऱ्याला शिव्या देत बसता.

आता कापणी. निर्जंतुक ब्लेडने डागाच्या कडेवरून तीन ते पाच मिलिमीटरचे चौकोन कापा, असे की अर्धा तुकडा हिरवा आणि अर्धा तपकिरी असेल. रोगाची बुरशी डागातून बाहेर, जिवंत पेशींकडे सरकत असते, तिची टोकं या सीमेवर सापडतात. मेलेल्या भागावर जगणाऱ्या बुरशा सीमेपर्यंत अजून पोचलेल्या नसतात. तुम्ही "डाग कापून" लिहिलं आहे, म्हणजे बहुतेक डागाचा मधला भाग घेतलात. अर्धी चूक तिथेच झाली.

पृष्ठभाग निर्जंतुक करायला सोडियम हायपोक्लोराइट. दुकानात मिळतं ते 4 टक्क्यांचं असेल तर 25 मिली त्यात 75 मिली निर्जंतुक पाणी घालून 1 टक्का होतं. बाटली जुनी, उघडून महिनोन्महिने ठेवलेली असेल तर त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, मग तुम्ही वेळ कितीही पाळा, उपयोग नाही. टोमॅटोच्या पानावर लव असते, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि द्रावण पानाला टेकतच नाही. म्हणून तुकडे आधी 70 टक्के अल्कोहोलमध्ये दोन-तीन सेकंद बुडवून काढा, मग हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, चिमट्याने हलवत. नंतर तीन वेगवेगळ्या वाट्यांतल्या निर्जंतुक पाण्यात एकामागून एक धुवा. काही जुन्या प्रयोगशाळांत अजून मर्क्युरिक क्लोराइडची बाटली असते. तिला हात लावू नका. पारा विषारी आहे आणि त्याचं सांडपाणी टाकायला जागा नाही.

धुतल्यावर तुकडे निर्जंतुक टिपकागदावर नीट कोरडे करा. ही पायरी पोरं गाळतात. ओला तुकडा अगारवर ठेवला की त्याच्याभोवती पाणी पसरतं आणि त्या पाण्यातून जिवाणू संपूर्ण प्लेटभर फिरतात. एका प्लेटमध्ये चारच तुकडे, एकमेकांपासून दूर.

द्रावण जास्त झालं की कमी, हे तुकडाच सांगतो. हिरवी बाजूही पांढुरकी पडली असेल तर क्लोरीन आत शिरलं, आतली बुरशीही मेली असेल. पुढच्या खेपेला वेळ 30 ते 45 सेकंदांवर आणा. उलट दुसऱ्याच दिवशी तुकड्याच्या वरच्या अंगावर हिरवट ॲस्परजिलस किंवा पेनिसिलियम उगवलं तर पृष्ठभाग नीट धुतला गेला नाही. याची पक्की परीक्षा हवी असेल तर धुतलेला तुकडा एका रिकाम्या पीडीए प्लेटवर दाबून उचलून घ्या, आणि शेवटच्या धुण्याचं पाणी थोडंसं दुसऱ्या प्लेटवर पसरा. ह्या दोन्ही प्लेटमध्ये काहीच उगवलं नाही तर तुकड्यांतून जे निघेल ते पानाच्या आतलं आहे, असं म्हणता येतं. आणि निरोगी पानाचेही चार तुकडे ह्याच रीतीने ठेवा. निरोगी पानाच्या आतही बुरशा राहतात, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो. रोगट आणि निरोगी दोन्हींतून तीच बुरशी येत असेल तर तिच्यावर आरोप करायला आधार नाही.

गेल्या पावसाळ्यात जुन्नरकडून आलेल्या पानांचे आम्ही असे 24 तुकडे ठेवले होते. पाचव्या दिवशी हिशेब असा: नऊ तुकड्यांतून सोलानीसारखी करडी, सपाट वाढ, जिच्याखाली अगारमध्ये पिवळसर-तांबूस रंग उतरला होता; दहांतून अल्टरनाटा; दोनांतून कर्व्ह्युलेरिया; तीन तुकडे कोरेच. म्हणजे कड नीट कापूनही अल्टरनाटा सोलानीपेक्षा जास्त. नुसतं "जास्त वेळा आली ती रोगाची" असं धरलं असतं तर आम्हीही फसलो असतो.

म्हणून खरं सांगायचं तर टोमॅटोच्या या करप्यासाठी मला तुकड्यांपेक्षा दुसरा मार्ग आवडतो. पेट्री डिशमध्ये ओला टिपकागद घाला, त्यावर काचेच्या दोन कांड्या, आणि कांड्यांवर डाग असलेलं पान, झाकण लावून एक रात्र. सकाळी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली डाग पाहा. सोलानी असेल तर वलयांवर उभे काळे केस दिसतात आणि त्यांच्या टोकाला एकेक लांब, तपकिरी बीजाणू तिरका उभा असतो, चोचीचा बारीक धागा उजेडात चमकतो. सुईच्या टोकाला कणभर पाण्याचा अगार लावा, त्याने एकच बीजाणू टिपा आणि 2 टक्के साध्या पाण्याच्या अगारवर ठेवा. हात थरथरतो, पहिले दहा बीजाणू हरवतात, अकरावा मिळतो. पानापासून थेट एक बीजाणू उचलला की अल्टरनाटा, ॲस्परजिलस, जिवाणू, सगळ्यांचाच प्रश्न मिटतो. शिवाय तुमची बुरशी पहिल्या दिवसापासून एकाच बीजाणूची, म्हणजे शुद्ध.

तुकड्यांतून आलेली बुरशी वापरायची असेल तर तीही एकबीजाणू करावीच लागेल. बीजाणू निर्जंतुक पाण्यात अगदी विरळ मिसळा, पाण्याच्या अगारवर रेघा ओढा आणि काही तासांनी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी सकाळी, उलट्या प्लेटमधून मायक्रोस्कोपने पाहा. सोलानीच्या बीजाणूला एकाच वेळी अनेक पेशींतून अंकुरनळ्या फुटतात, कोळ्यासारखा दिसतो. आजूबाजूला दुसरा कोणी नाही असा एकटा पाहून, खाली पेनाने खूण करा आणि अगारच्या चौकोनासकट कापून पीडीएवर न्या. प्लेटमधल्या कडेवरची वाढ नुसती नव्या प्लेटवर नेत राहिल्याने शुद्धता येत नाही. दोन बुरशा गुंतून वाढत असतील तर त्या पाच वेळा नेल्या तरी गुंतलेल्याच राहतात.

ह्यानंतर खरी अडचण येते, आणि पुस्तकं तिच्यावरून दोन ओळींत पुढे जातात: सोलानी पीडीएवर बीजाणू देत नाही, किंवा फारच कमी देते. करडी लोकर भरपूर, बीजाणू शून्य. तुम्ही प्लेटमधली लोकर पाण्यात कालवून फवारली असेल तर त्यात बीजाणू होते का, हे कधी मोजलंत का? तुटक्या तंतूंनी लागण होऊ शकते, पण ती बेभरवशाची असते आणि परीक्षकाला पटत नाही.

बीजाणू काढायचा आमचा रिवाज असा. पीडीएऐवजी टोमॅटोच्या रसाचा अगार करा: मीठ आणि टिकवणीचं रसायन नसलेला गाळलेला रस 200 मिली, कॅल्शियम कार्बोनेट 3 ग्रॅम, अगार 15 ते 20 ग्रॅम, पाणी 800 मिली. बुरशी सात ते दहा दिवस वाढू द्या. मग थोडं निर्जंतुक पाणी ओतून निर्जंतुक स्लाइडच्या कडेने वरची सगळी लोकर खरवडून टाका, पाणी ओतून द्या. जीव तुटतो करताना, पण करा. प्लेटचं झाकण काढून वर निर्जंतुक टिपकागद ठेवा म्हणजे पृष्ठभाग हळूहळू कोरडा होईल. बारा तास उजेड, बारा तास अंधार. जवळच्या अतिनील प्रकाशाची नळी असेल तर उत्तम, नाहीतर ट्यूबलाइट. तापमान 20 ते 23 अंश. बीजाणू धरणारे दांडे उजेडात तयार होतात, पण त्यांच्यावर बीजाणू मात्र अंधारात आणि थोड्या थंडाव्यात धरतो. रात्रंदिवस दिवा लावून ठेवला तर दांडेच दांडे मिळतात. दोन ते चार दिवसांत खरवडलेली जागा मखमली काळी झालेली दिसते. तेच बीजाणू.

प्लेटवर दहा मिली पाणी घालून मऊ ब्रशने ते सोडवा, दुहेरी मलमलीतून गाळा, ट्वीन 20 अगदी थोडं, 0.05 टक्के, घाला. मोजायला हिमोसायटोमीटर नसला तरी अडत नाही. मायक्रोपिपेटने 10 मायक्रोलिटरचा थेंब स्लाइडवर ठेवा आणि त्यातले सगळे बीजाणू मोजा. सोलानीचे बीजाणू मोठे असल्याने हे लहान लेन्सवरही जमतं. थेंबात 200 निघाले तर एका मिलिमध्ये 20,000. मला 10,000 ते 20,000 पुरतात. 400 निघाले तर तेवढंच पाणी घालून दुप्पट करा. पाच थेंबांची सरासरी घ्या आणि मोजताना द्रावण हलवत राहा, कारण हे बीजाणू जड असतात, मिनिटाभरात तळाशी बसतात. फवारतानाही पंप हलवत राहा. नाहीतर शेवटच्या रोपांना नुसतं पाणी जातं किंवा सगळा गाळ.

आता रोपं. नर्सरीतून आणलेल्या रोपांवर चाचणी करू नका. एक तर नर्सरीत त्यांना बुरशीनाशकाच्या आळवण्या आणि फवारण्या झालेल्या असतात, त्यामुळे तुमची बुरशी खरी असूनही काही दिसणार नाही. दुसरं उलटंही होतं. ती रोपं आधीच संसर्ग घेऊन आलेली असू शकतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या चाचणीत नुसतं पाणी फवारलेल्या रोपांवरही डाग आले. सहा आठवड्यांचं काम गेलं. तिने नंतर पुसा रुबीचं बी आणून, ऑटोक्लेव्ह केलेल्या मातीत, शेतापासून दूर जाळीत रोपं वाढवली. तुम्हीही तसंच करा. पुसा रुबी ह्या रोगाला सहज बळी पडते, म्हणून बरी.

वय हा दुसरा मुद्दा, आणि इथेही तुमचं चुकलं असण्याची शक्यता आहे. नर्सरीची रोपं साधारण 25 दिवसांची असतात. हा करपा जुन्या पानांचा रोग आहे. कोवळं पान त्याला दाद देत नाही, पान जून होत जातं तसं बळी पडतं. शेतातही तो खालून वर चढतो, हे तुम्ही पाहिलं असेल. रोपं पाच ते सहा आठवड्यांची होऊ द्या, आणि डाग मोजताना खालची तीन-चार पानंच मोजा.

पंधरा रोपं घ्या. पाचांवर तुमच्या सोलानीचे बीजाणू, पाचांवर त्याच मोजमापाचे अल्टरनाटाचे बीजाणू, आणि पाचांवर बुरशी नसलेल्या टोमॅटो-अगारच्या प्लेटचं धुवण, त्याच ट्वीनसकट. नुसतं नळाचं पाणी फवारून भागत नाही, कारण मग अगारमधून आलेल्या कशामुळे तरी डाग पडला, अशी शंका कोणी घेऊ शकतो. धुवणवाली रोपं आधी फवारा, सोलानी शेवटी, म्हणजे हात आणि पंप यांच्यातून उलटा संसर्ग होणार नाही. पानाच्या दोन्ही बाजू भिजाव्यात, पण ओघळ सुटायच्या आत थांबा. पानाला टाचणीने टोचू नका. सोलानी अखंड पानाच्या कातडीतून आणि रंध्रांतून आपली आपण शिरते. टोचलेल्या जागी मात्र दुबळ्या बुरशाही डाग पाडतात, आणि मग अल्टरनाटाही "रोगकारक" ठरते. तोडून प्लेटमध्ये ठेवलेल्या पानांवर चाचणी करतानाही हाच धोका, कारण तोडलेलं पान पिवळं पडू लागलं की सगळ्यांनाच आत वाट मिळते.

फवारल्यावर लगेच प्रत्येक रोपावर आतून पाणी शिंपडलेली पारदर्शक पिशवी उलटी घाला आणि 24 ते 48 तास सावलीत, 24 ते 28 अंशांत ठेवा. तुम्ही ही पायरी लिहिलीच नाहीत. बीजाणूला रुजायला आणि आत शिरायला पानावर पाण्याचा थर लागतो. उघड्या रोपावर तो अर्ध्या तासात वाळतो. हीच एक चूक झाली असेल तरी तुमचे आठ दिवस फुकट गेले म्हणायचे. पण पिशवी दोन दिवसांच्या वर ठेवू नका, पानं गुदमरून आपोआप काळवंडतात आणि नियंत्रण रोपांवरही डाग दिसू लागतात.

पुढे काय दिसावं? सोलानीच्या रोपांवर तिसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. पाचव्या दिवसापर्यंत भोवती पिवळी कड, कारण बुरशी विष सोडते आणि ते तिच्या पुढे पसरतं. आठ-दहा दिवसांत खालच्या पानांवर वलयं. जुन्नरच्या बुरशीने पाचही रोपांवर हे दाखवलं. अल्टरनाटाच्या पाच रोपांपैकी एकावर एका दुमडून मोडलेल्या पानाच्या घडीवर डाग आला, बाकी स्वच्छ. धुवणाची रोपं कोरी. डाग फक्त "आले" असं लिहू नका. शेतातल्या मूळ डागाचा फोटो आणि ह्या डागाचा फोटो शेजारी ठेवा. फवारल्यावर पान करपलं, पण वलयं नाहीत, पिवळी कड नाही, तर तो मूळ रोग परत आलेला नाही.

मग शेवटची फेरी. नव्या डागाच्या कडेचे तुकडे, तीच रीत, आणि नियंत्रण रोपांच्या पानांचेही तुकडे. जी बुरशी येईल ती पुन्हा एकबीजाणू करा आणि मूळ कल्चरशी ताडा: वाढीचा वेग, अगारमधला रंग, आणि किमान 50 बीजाणूंची लांबी, रुंदी, चोचीची लांबी. रॉबर्ट कॉखच्या मूळ मांडणीत ही परत काढून ताडण्याची पायरी नव्हती, ती नंतर जोडली गेली. पण ती गाळली तर तुमच्या मूळ कल्चरमध्ये लपलेल्या दुसऱ्याच कोणीतरी डाग पाडला, ही शक्यता उघडी राहते. नियंत्रणातूनही सोलानी निघाली तर अख्खी चाचणी बाद, कितीही वाईट वाटलं तरी.

नावाबद्दल एक सावधगिरी. टोमॅटोवरच्या मोठ्या बीजाणूच्या अल्टरनेरियाला आता बऱ्याचदा अल्टरनेरिया लिनारी म्हणतात. जगभरच्या नमुन्यांत टोमॅटोवर ती जास्त आणि बटाट्यावर सोलानी जास्त, असं दिसून आलं. जुन्या पुस्तकांत दोन्हींना सोलानीच लिहिलेलं असतं, मीही वर सवयीने तेच लिहिलंय. नुसत्या आकारावरून ह्या दोघींत फरक करणं अवघड आहे. आणि नुसता आयटीएसचा डीएनए तपासून घेतला तरी ह्या दोघींची खात्रीशीर फारकत होत नाही, त्यासाठी आणखी जनुकं बघावी लागतात. खर्च परवडत नसेल तर अहवालात "सोलानी गटातली मोठ्या बीजाणूची अल्टरनेरिया" असं प्रामाणिकपणे लिहा. कोणी हरकत घेणार नाही.

आणखी एक, कारण हा प्रश्न पुढे येणारच. वर्गातल्या कोणाला भुरी किंवा केवडा मिळाला असेल तर त्याला पीडीएवर ठेवू देऊ नका. त्या बुरशा फक्त जिवंत झाडावर जगतात, अगारवर येतच नाहीत. जे येईल ते दुसरंच. तिथे पानावरचे बीजाणू ब्रशने थेट निरोगी पानावर नेतात आणि शुद्ध कल्चरची अट सोडून देतात. 1861च्या सुमारास अँटन डी बारीने बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याचं कारण असंच, पानावरून पानावर नेऊन दाखवलं होतं. कॉख तेव्हा शाळेत होता.

तुमचं कल्चर मात्र आजच जपायला घ्या. सोलानी पीडीएवर पुन्हा पुन्हा नेत राहिलात तर पाच-सहा वेळांनंतर ती आधी बीजाणू द्यायचं थांबते आणि मग डाग पाडणंही कमी करते. पहिल्या एकबीजाणू प्लेटमधूनच चार स्लँट करून 4 अंशांवर ठेवा आणि चाचणीला दर वेळी त्यातूनच घ्या. रोग सिद्ध झाला की एक स्लँट पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात द्यायचा प्रयत्न करा. तिथला क्रमांक अहवालात लिहिता आला तर उद्या दुसरा कोणी तुमचीच बुरशी मागवून तुमचं म्हणणं तपासू शकेल.

वेळेचा अंदाज हवा असेल तर: बी आजच पेरा, कारण रोपांना सहा आठवडे लागणार. तेवढ्यात बुरशी वेगळी काढणं, एकबीजाणू करणं आणि बीजाणू काढायला शिकणं होऊन जाईल. फवारणीपासून परत काढून ताडण्यापर्यंत आणखी तीन-साडेतीन आठवडे धरा. आणि आज संध्याकाळी ती जुनी स्लाइड बघून माळ आहे की एकटा, एवढं कळवा.